खुलासा: चिनाम्पा तरंगत नव्हत्या

"अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान फक्त पाण्यावर तरंगणाऱ्या बागांवर जगायची."

हा मेसेज मीही पुढे ढकलला होता, चूक माझीच. चिनाम्पा म्हणजे उथळ तळ्यात खुंट रोवून, पाणवनस्पती आणि तळाचा गाळ थरावर थर रचून केलेले वाफे. कडेला वाळुंजाच्या जातीची झाडं लावत, त्यांची मुळं थेट तळात जाऊन काठ धरून ठेवत. आजच्या मेक्सिको सिटीच्या दक्षिण भागातल्या शोचिमिल्कोत असे वाफे आजही कसले जातात. तिथला भाजीपाला तेव्हा होड्यांनी राजधानीत येई.

पण पोट तेवढ्यावर भरत नसे. मेंडोझा हस्तलिखित या सोळाव्या शतकातल्या अ‍ॅझ्टेक चित्रपोथीत जिंकलेल्या प्रांतांकडून येणाऱ्या मका, घेवडा, राजगिऱ्याच्या कणग्या चित्रांत मांडल्या आहेत. ती खंडणी हमालांच्या पाठीवरून, तळ्यातल्या बांधरस्त्यांनी पोचे.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.