एकूण गोळ्यांना दिवसांनी भागायचं नसतं

"स्टेरॉइडच्या गोळ्या कमी-कमी करत जायच्या म्हणजे उगाच डोक्याला ताप. चिठ्ठीतल्या एकूण गोळ्या मोजा, दिवसांनी भागा आणि रोज सारख्याच घ्या, पोटात तेवढंच औषध जातं. बरं वाटलं की उरलेल्या सोडून द्या. आणि मिलिग्रॅम बघत बसू नका, गोळ्यांची संख्या बरोबर असली की झालं."

असा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. आधी भागाकार बघू. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची एक चिठ्ठी घेऊ. १० मिलिग्रॅमची गोळी, रोज सकाळी खाल्ल्यावर: ४ गोळ्या ५ दिवस, मग ३ गोळ्या ५ दिवस, मग २, मग १ आणि शेवटचे ५ दिवस अर्धी. हे फक्त उदाहरण आहे, तुमच्या चिठ्ठीतले आकडे वेगळे असतील. इथे २५ दिवसांत साडेबावन्न गोळ्या लागतात. भागाकार केला की रोज दोनहून किंचित जास्त येतात, म्हणजे साधारण २१ मिलिग्रॅम.

आता काय झालं बघा. सूज जोरात असताना पहिले पाच दिवस रोज ४० मिलिग्रॅम हवे होते, तिथे निम्मेच गेले. आणि पंचविसाव्या दिवशी, जिथे पाचावर येऊन थांबायचं होतं, तिथे २१ वरून एकदम शून्य. बेरीज जुळली, पण सुरुवात आणि शेवट दोन्ही बिघडले.

"बरं वाटलं की सोडा" हा सगळ्यात धोक्याचा भाग आहे. आपल्या मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की मेंदूकडून त्यांना येणारा हुकूम कमी होतो आणि त्या सुस्तावतात. गोळ्या साधारण तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालल्या असतील किंवा वरचेवर घेतल्या असतील, तर त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ द्यावा लागतो. उतरते डोस तो वेळ देतात. गोळ्या एकदम बंद केल्या तर गळून गेल्यासारखं वाटतं, मळमळतं, उभं राहताना चक्कर येते. उलट्या होऊन रक्तदाब खाली गेला तर तातडीने दवाखाना गाठावा लागतो, आणि तिथे पोचल्यावर "स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या" हे पहिलं सांगायचं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. काही आजारांत पाच-सात दिवसांचा छोटा कोर्स असतो आणि डॉक्टर तो उतरवत न नेता थेट थांबवायला सांगतात. तेही बरोबरच असतं. पण तुमचा कोर्स कुठल्या प्रकारचा आहे, हे चिठ्ठीवरून ठरतं. बरं वाटण्यावरून ठरत नाही, कारण बरं वाटतं ते त्याच गोळ्यांमुळे.

राहिले मिलिग्रॅम. मी औषधाच्या काउंटरवर बसतो, म्हणून हे जवळून पाहिलंय. एका बाई दुसऱ्या वेळी गोळ्या घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "या खेपेला गोळ्या लागूच पडत नाहीयेत." पट्टी हातात घेतली तर ५ मिलिग्रॅमची, आणि चिठ्ठी १० च्या हिशेबाने लिहिलेली. त्या इमानेइतबारे चार गोळ्या घेत होत्या, पण पोटात जात होते २०. म्हणून पट्टी बदलली की आधी तिच्या मागचा आकडा आणि चिठ्ठीतला आकडा शेजारी ठेवून वाचा. जुळत नसेल तर गोळ्या घेण्याआधी विचारा.

आकडे कसे लिहिलेत तेही बघा. "४-३-२-१" असं आडवं लिहिलं असेल तर ते दिवसांचे टप्पे असू शकतात. "१-०-१" म्हणजे सकाळ-दुपार-रात्र. "३-२-१" असं दिसलं तर दोन्ही अर्थ निघतात, आणि चुकीचा अर्थ घेतला तर एकाच दिवशी सहा गोळ्या पोटात जातात. असं काही दिसलं तर चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच विचारायचं, अंदाज करायचा नाही.

मी लोकांना तारखा लिहून देतो. वरचीच चिठ्ठी ३ तारखेला सुरू झाली तर ३ ते ७ चार गोळ्या, ८ ते १२ तीन, १३ ते १७ दोन, १८ ते २२ एक, २३ ते २७ अर्धी. इथे नेहमीची चूक म्हणजे तीनात पाच मिळवून ८ तारखेलाही चार घेणं. पहिला दिवसही मोजायचा असतो, हे निसटतं. पट्टी दहाची असेल तर ७ तारखेला रात्री बरोबर दोन पट्ट्या रिकाम्या दिसल्या पाहिजेत. १२ तारखेला रात्री साडेतीन. तसं दिसलं नाही, तर कुठेतरी एक दिवस घसरलाय. अशा वेळी जास्तीच्या गोळ्या एकदम घेऊन हिशेब जुळवायचा नाही, फोन करून विचारायचं. मधल्याच टप्प्यावर दुखणं परत उलटलं, तरीही फोनच करायचा. आपल्या मनाने वरच्या टप्प्यावर जायचं नाही.