फोनवरचं "ठीक आहे" पुरेसं नाही

फर्निचर विकणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीने सांगायचंय. पुस्तकांचं कपाट पोचलं, डाव्या बाजूच्या फळीवर बोटभर लांब ओरखडा, ग्राहक वैतागलेला. कपाट परत आणायचं म्हणजे परतीचं भाडं, पुन्हा पॅकिंग, पॉलिश आणि एवढं करून ते नवं म्हणून विकता येत नाहीच, सेकंड म्हणून कमी भावातच जातं. हा सगळा तोटा किमतीच्या ४० टक्क्यांवर जात असेल तर ग्राहकाला १५ टक्के परत देऊन कपाट त्याच्याकडेच ठेवणं दोघांच्याही फायद्याचं आहे, ओरखड्याची बाजू भिंतीकडे गेली की त्यालाही फरक पडत नाही.

मी हेच केलं पण फोनवर. ते "ठीक आहे" म्हणाले, मी पैसे पाठवले. तीन आठवड्यांनी दार फुगून अडकायला लागलं आणि मी म्हटलं, अहो डिस्काउंट घेतलंय ना तुम्ही! चूक माझीच होती. सूट ओरखड्याची होती, दाराची नव्हती, आणि नेमकं काय ठरलं होतं हे ना त्यांच्याकडे लिहिलेलं ना माझ्याकडे.

आता मी आधी फोटो मागवतो आणि मग असा मेसेज टाकतो: "ऑर्डर नंबर अमुक, कपाटाच्या डाव्या फळीवर ओरखडा, फोटो सोबत. तुम्ही माल परत करून पूर्ण पैसे घेऊ शकता. किंवा कपाट ठेवलंत तर किमतीच्या १५ टक्के रक्कम पाच दिवसांत मूळ खात्यावर परत करू. ही सूट फक्त या ओरखड्यासाठी आहे, बाकी वॉरंटी तशीच राहील. मान्य असेल तर 'कपाट ठेवतो, १५ टक्के मान्य' असं लिहून पाठवा."

यात पूर्ण पैशांचा पर्याय आधी लिहिणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो लपवून सूट पुढे केली तर ती संमती कसली, अडवणूक झाली! आणि उत्तर येईपर्यंत पैसे पाठवायचे नाहीत, नुसता अंगठा आला किंवा उत्तरच आलं नाही तर ते होकार धरायचं नाही, पुन्हा विचारायचं, आणि या बोलाचालीत परत करायची मुदत संपत असेल तर ती वाढवली असं आपणच लिहून द्यायचं. होकार आला की मूळ बिलावर क्रेडिट नोट काढायची, म्हणजे हिशोबात विक्री कमी झालेली दिसते आणि मेसेजचा स्क्रीनशॉट त्यालाच जोडून ठेवायचा.

एक गोष्ट मात्र मी कधीच करत नाही. पायाचा जोड हलतोय, फळीला तडा गेलाय, भिंतीला बांधायची पट्टी वाकलीय अशा मालावर सूट देत नाही. ग्राहक म्हणाला चालेल, लिहूनही द्यायला तयार झाला, तरी ते कपाट मी परतच आणतो, कारण उद्या भरलेलं कपाट कुणा पोराच्या अंगावर पडलं तर त्या कागदाचं मी काय करू?