कुकरच्या बुडाला गणपती

वहिनींनी फोटो पाठवला. काळा कुकर, ओट्यावर, मागे पोह्यांचा डबा. खाली ओळ : "भाऊजी, हा नवा घेतलाय. भिशीतल्या बायका विचारतायत, दोन ओळी छान लिहून द्या."

दोन ओळी! अहो, पण कशाबद्दल? झाकण आतून बसतंय, म्हणजे आतल्या झाकणाचा. मॅट काळा, म्हणजे हार्ड अॅनोडाइज्ड. इथवर फोटो बोलतो, पुढे मुका होतो. तीन लिटरचा कुकर उभाही मिळतो आणि पसरटही. फोन वरून धरला की उभासुद्धा बसका दिसतो. हाच काळा कुकर इंडक्शनच्या बुडाचा असतो आणि साध्या बुडाचाही. समोरून दोन्ही सारखेच. फरक काय तो बुडाशी, आणि बुडाचा फोटो कोण काढतं?

म्हणून मी इंदूरमधल्या सुदामानगरला, वहिनींकडे गेलो. खोकं बघितलं असतं तर मॉडेलचा नंबर मिळून काम संपलं असतं. पण खोकं सकाळीच सुक्या कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर असल्याचा हा तोटा कोणी सांगत नाही.

शेजारचे काका चहाला आलेले होते. ते नेहमीच आलेले असतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्याच्या घरात चाललेल्या कामावर देखरेख करणं हे त्यांनी स्वतःकडे घेतलंय. मी कुकर पालथा केला आणि काकांनी कप खाली ठेवला.

"काय रे, गळतोय का?"

"नाही काका, कोणता आहे ते बघतोय."

"कुकर आहे."

"ते कळलं. कोणता कुकर?"

"वहिनींचा."

मी गप्प बसून बुड वाचू लागलो. आयएसआयची खूण होती. तिच्यावर आयएस २३४७, म्हणजे घरगुती कुकरचं मानक. खाली सीएम/एल आणि परवान्याचा नंबर. लिटर तीन. टेपने तोंड मोजायला घेतलं तर काका म्हणाले, "ब्लाउज शिवतोस का त्याला?" वहिनी हसल्या. मला हसू आलं नाही. तोंड मोजायचं ते गास्केटसाठी. उभ्याचं तोंड अरुंद, पसरटाचं रुंद. दोघांवर लिटर तीनच लिहिलेले असतात, पण गास्केट एकमेकांना बसत नाही. बर्तन बाजारात "तीन लिटरची द्या" म्हणून आणलेली गास्केट किती घरांच्या खणात पडून असेल! हा पसरट निघाला.

राहिलं बूड. फ्रिजवर एकच लोहचुंबक होतं, खजराण्याच्या गणपतीचं. ते मी काढलं.

"अरे अरे! गणपती कुकरच्या बुडाला लावतोस?"

"काका, चुंबक आहे."

"पुढून गणपती आहे ना! आणि तेही पालथ्या भांड्याला! वहिनी, बघताय ना?"

वहिनींनी बघितलं आणि मनातल्या मनात हात जोडले. गणपती बुडाला चटकन चिकटला. बाजूला लावला तर सरळ घसरून खाली. बाजू अॅल्युमिनियमची, तिला चुंबक धरत नाही. बुडाला पोलादाची चकती बसवलेली, ती धरते. म्हणजे इंडक्शनवाला. शंका मिटली, गणपती फ्रिजवर परत गेला. काका मात्र तो तिथे सरळ बसलाय ना, हे दोनदा उठून बघून आले.

मग मी लिहायला बसलो. "तीन लिटर, पसरट, हार्ड अॅनोडाइज्ड, आतलं झाकण, इंडक्शनचं बूड. तीन लिटर म्हणजे काठोकाठ पाणी. शिजवताना दोन तृतीयांशाच्या वर भरू नये. डाळ-तांदूळ फेसाळतात, ते पाण्यासकट अर्ध्यापर्यंतच, म्हणजे दीड लिटर. चौघांना पुरे, पाहुणे आले तर दोनदा लावा. पसरट असल्याने फोडणी यातच होते. सोड्याच्या पाण्यात भिजत घालू नये, काळा थर खराब होतो. घेताना हाच प्रकार निवडा. बिनइंडक्शनचा दिसायला असाच असतो, पण इंडक्शनच्या शेगडीवर तापणार नाही."

शेवटची ओळ मी मुद्दाम घातली. ऑनलाइन दुकानात एकाच पानावर तीन लिटर, पाच लिटर, साधा, काळा सगळे कोंबतात आणि खाली अभिप्रायांची खिचडी असते. पाच तारे साध्या पाच लिटरला मिळतात आणि दिसतात या काळ्याखाली. एक तारा दिलेला वैतागतो "इंडक्शनवर चालत नाही". त्याने कोणता घेतला होता, ते तो लिहीत नाही. बाकीचे लिहितात, "पार्सल वेळेत आलं." अरे, मग कुरियरवाल्याचं कौतुक कर! इथे का?

वहिनींनी माझा कागद वाचला. "छान आहे हो भाऊजी, पण जरा लांब झालंय."

काकांनी हात पुढे केला. "लिहा वहिनी. उत्तम कुकर. शिट्ट्या छान. घ्यायला हरकत नाही."

तेच गेलं. पाच मिनिटांत भिशीतून प्रश्न आला, "इंडक्शनवर चालतो का?"

"चालतो म्हणावं," काका म्हणाले, "काळा आहे ना, काळे सगळे चालतात."