काळी खपली, कडक कडा, पसरलेली लाली: त्या फोटोत खरं काय दिसतंय

पायाच्या जखमेच्या एका फोटोसोबत पुढचा सल्ला दिलाय, आणि तो चुकीचा आहे: “हा डायबेटीसवाल्याच्या पायाचा फोटो आहे. घाबरू नका. कडा कडक झाल्यात म्हणजे जखम भरत आलीय. काळी खपली आपोआप गळून पडेल. लाली म्हणजे तिथे रक्त पोचतंय. दुखत नाही, ताप नाही, तर रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय ठेवा आणि पंधरा दिवस वाट बघा.”

आधी त्या कडक कडा. जखम अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यावर आहे आणि तिच्याभोवतीचं पिवळट पांढरं कडं हा घट्टा आहे. भरत असलेल्या जखमेच्या कडेनं पातळ, गुलाबी, नाजूक कातडी आत सरकताना दिसते. घट्टा चढतो तो त्याच जागी पुन्हापुन्हा दाब आल्यामुळे, आणि चढला की तोच आतल्या मांसावर आणखी दाब आणतो. त्याच्याखाली रक्त साकळतं, पोकळी होते. वरून लहान दिसणारी जखम घट्टा तासल्यावर बरीच मोठी निघते. म्हणून डॉक्टर आधी तो तासतात, मग निर्जंतुक बोथट सळईनं जखमेचा तळ चाचपतात. सळई टणक हाडाला टेकली, तर संसर्ग हाडात गेल्याची दाट शंका असते. हे फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही. घरी ब्लेड मात्र मुळीच लावू नका.

ज्याला खपली म्हटलंय तो काळा भाग म्हणजे मेलेली कातडी, आणि मधला पिवळट राखाडी चिकट थर हाही मेलेलाच भाग. अँटिबायोटिक रक्तातून पोचतं. मेलेल्या भागात रक्तच जात नाही, त्यामुळे जंतू तिथे निवांत वाढतात. म्हणून नुसत्या गोळ्यांवर भागत नाही, तो भाग काढावा लागतो. याला अपवाद आहे: रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावर, विशेषतः टाचेवर, काळा भाग पूर्ण कोरडा आणि घट्ट बसलेला असेल, भोवती लाली नसेल, तर रक्तवाहिन्या तपासेपर्यंत डॉक्टर मुद्दाम त्याला हात लावत नाहीत. या फोटोत काळ्या भागाची कड ओली आहे आणि भोवती लाली आहे. इथे तो अपवाद लागू नाही.

आता लाली, कारण सगळं तिच्यावर ठरतं. ती जखमेच्या कडेपासून मोजतात. 2 सेंटीमीटरच्या आत आणि फक्त कातडीपुरती असेल तर संसर्ग सौम्य धरतात. त्यापलीकडे गेली किंवा आत खोल उतरली की मध्यम. त्यात ताप, 90 च्या वर नाडी, जलद श्वास अशी लक्षणं मिळाली की गंभीर. फोटोतली जखम साधारण दीड सेंटीमीटर रुंद धरली, तर लाली तिच्या दुपटीनं बाहेर गेली आहे, म्हणजे 3 सेंटीमीटर. शेजारचं बोट सुजलंय आणि लाली बोटांच्या बेचक्यातून पावलाच्या वरच्या बाजूला आलीय. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. जखम तळव्याला आणि लाली वर, याचा अर्थ संसर्ग पावलाच्या आतल्या कप्प्यांत शिरला असण्याची शक्यता मोठी आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे जांभळट किंवा अधिक काळपट रंग, तुकतुकी आणि दुसऱ्या पायापेक्षा गरम लागणं बघायचं.

दुखत नाही, कारण मधुमेहानं पायाच्या नसा बधिर केल्यात. अशा बधिर पायात अचानक ठणका लागला तर ते उलट वाईट लक्षण. तापाचंही तसंच. संसर्ग गंभीर असूनही अनेकांना ताप येतच नाही. कारण नसताना साखर एकदम चढली, तर ती खूण धरा.

मिठाच्या पाण्यानं कातडी भिजून फुगते आणि जखम वाढायला वाट मिळते. बधिर पायाला पाणी किती गरम आहे तेही कळत नाही, भाजलेलं नंतर दिसतं.

पंधरा दिवस तर दूरच, या पायाला उद्याचीही वाट बघता येणार नाही. लालीच्या कडेवर पेनानं रेघ मारून वेळ लिहा, म्हणजे डॉक्टरांना वेग कळेल. पण रेघ ओलांडली जाते का हे बघत घरी थांबू नका. सकाळी आठची रेघ दुपारी दोनपर्यंत बोटभर मागे पडलेली असू शकते. लाली 2 सेंटीमीटरच्या पुढे जाणं, घाण वास, नवा काळा डाग, रक्ताळ फोड, दाबल्यावर कातडीखाली कुरकुरल्यासारखं हाताला लागणं, पाय गार आणि फिका पडणं, थंडी वाजणं, उलट्या, बरळणं: यातलं एक जरी असलं, तरी त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, सर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जायचं. जाईपर्यंत जखमेवर कोरडं निर्जंतुक ड्रेसिंग ठेवा आणि त्या पायावर भार देऊ नका. इन्शुलिन मनानं बंद करू नका. निघताना चालू औषधांची यादी घ्या, आणि शेवटचं खाणं किती वाजता झालं ते सांगा, कारण पू काढायला लगेच भूल द्यावी लागू शकते.