लहान आकडे, अवघड प्रश्न

ॲडॅप्टिव्ह क्विझ, म्हणजे मुलाच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडणारी क्विझ, याबद्दल नेहमी असं म्हटलं जातं: "ती बनवायला फार काही लागत नाही. एका घटकाचे प्रश्न घ्या, लहान आकड्यांचे आधी, मोठ्यांचे नंतर. अनुभवी शिक्षकाने क्रमांक दिले की झालं. बरोबर आलं तर पुढचा प्रश्न, चुकलं तर मागचा. क्रम कुठे चुकला असेल तर क्विझ चालू झाल्यावर मुलांच्या उत्तरांवरून कळतंच."

अपूर्णांकांची बेरीज घेऊ. ३/१७ + ५/१७ दिसायला बोजड, पण छेद सारखाच. अंश मिळवले की ८/१७. १/२ + १/३ मध्ये सगळे आकडे एकअंकी, तरी मुलं इथेच अडकतात, कारण आधी लसावि काढून समच्छेद करावे लागतात. कित्येक जण अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ लिहितात. अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे त्यांना खटकतही नाही. गंमत म्हणजे पर्यायांतून हा २/५ काढून टाकला, तर तोच प्रश्न लगेच सोपा होतो. आकडे जिथल्या तिथे.

शिक्षकाचा अंदाज क्रमापुरता बऱ्याचदा बरोबर असतो. दोन प्रश्नांमधलं अंतर मात्र त्यातून कळत नाही. समजा १०० मुलांना चार प्रश्न दिले आणि ते अनुक्रमे ८०, ५०, ४५ आणि २० जणांना आले. काठिण्याचा ढोबळ अंक असा काढतात:

```
ln((100 - p) / p)
```

इथे p म्हणजे बरोबर उत्तरांची टक्केवारी, ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. अंक येतात −१.३९, ०, ०.२० आणि १.३९. दुसरा आणि तिसरा प्रश्न जवळजवळ सारखेच. १०० मुलांच्या चाचणीत एवढा फरक पुढच्या वेळी उलटाही होऊ शकतो. पहिल्या-दुसऱ्यात आणि तिसऱ्या-चौथ्यात मात्र मोठी दरी आहे. तिसरा चुकलेल्या मुलाला दुसरा देऊन नवं काही कळत नाही, आणि तिसरा आलेल्याला एकदम चौथ्यावर ढकललं जातं. खरी गरज त्या दऱ्यांत बसणाऱ्या प्रश्नांची आहे, उदाहरणार्थ १/४ + १/२, जिथे एकच छेद बदलावा लागतो.

चार पर्याय असले की डोळे मिटून टिचकी मारली तरी चारात एकदा बरोबर. म्हणून एका उत्तरावर पातळी बदलू नये. वर न्यायला सलग दोन बरोबर उत्तरं तरी मागावीत.

"नंतर कळतंच" हे सगळ्यात फसवं. क्विझ चालू झाली की चौथा प्रश्न फक्त वर पोचलेल्यांना दिसतो. त्यांतल्या ६० टक्क्यांना तो आला आणि पहिला प्रश्न ५५ टक्क्यांना, कारण क्विझ मधल्या प्रश्नापासून सुरू झाल्याने तो बहुतेक अडखळणाऱ्यांनीच सोडवला, तर टक्केवारी चौथ्यालाच सोपा ठरवेल. त्यामुळे काठिण्य ठरवायची चाचणी आधी, वेगळी घ्यावी: सगळे प्रश्न सगळ्या मुलांना, प्रत्येकाला निराळ्या क्रमाने. नंतर भर घातलेला नवा प्रश्नही काही दिवस गुण न मोजता, सगळ्या पातळ्यांवरच्या मुलांना देत राहावा.