अकरावर अडकलेली पणजी

«मॅक्स फ्लोच्या गणितात रेसिड्युअल ग्राफ काढत बसू नका. मूळ आकृतीवरच एक वाट धरा, तिच्यातली सर्वांत अरुंद नळी बघा, तेवढा आकडा त्या वाटेवरून वजा करा आणि पुढची वाट धरा. आधी सर्वांत रुंद वाट घेतली, नाहीतर सर्वांत आखूड, की चूक होतच नाही. वाट उरली नाही म्हणजे उत्तर आलं. उलटे बाण पुस्तकात असतात, नळातलं पाणी मागे वाहत नाही. मित्रांना पाठवा.»

फोंड्याला संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांपैकी तिघांच्या फोनवर हा मजकूर होता. चौथ्याने तर तो वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला होता. मी त्याला म्हटलं, बस, नळाचीच गोष्ट आहे तर नळच घेऊ.

ओपाहून पणजीला जास्तीत जास्त पाणी न्यायचं आहे, मॅक्स फ्लो म्हणजे तेच. मधे दोन टाक्या, एक फर्मागुडीला आणि एक बाणस्तारीला. नळ्या आणि त्यांचे आकडे माझ्या मनातले आहेत, खऱ्या जलवाहिन्यांचा नकाशा कोणी यात शोधू नये. दाब, चढउतार, गळती हेही या गणिताला कळत नाही. त्याला फक्त नळीची क्षमता कळते. एक एकक म्हणजे तासाला एक टँकरभर पाणी असं समजा.

ओपा → फर्मागुडी : १०
ओपा → बाणस्तारी : ६
फर्मागुडी → बाणस्तारी : ८
फर्मागुडी → पणजी : ५
बाणस्तारी → पणजी : ९

आधी रुंद वाटेचा नियम पाळून बघू. वाटा तीनच आहेत. फर्मागुडीवरून सरळ पणजीला गेलं तर अडसर ५ चा, बाणस्तारीवरून सरळ गेलं तर ६ चा, आणि ओपा, फर्मागुडी, बाणस्तारी, पणजी अशी वळसा घालून गेलं तर ८ चा. सर्वांत रुंद वाट वळशाचीच. तिच्यातून ८ सोडले. आता ओपा–फर्मागुडीत २ उरले, फर्मागुडी–बाणस्तारी भरली, बाणस्तारी–पणजीत १ उरला. मग फर्मागुडीवरून सरळ २ आणि बाणस्तारीवरून सरळ १. एकूण ११. आता ओपा–फर्मागुडी भरली, बाणस्तारी–पणजीही भरली. सुलट बाणांनी पणजी गाठणारी एकही वाट उरली नाही. मजकुराच्या हिशेबाने उत्तर ११.

खरं उत्तर १४ आहे. दुसरा क्रम घेऊन कोणीही ते काढू शकेल: फर्मागुडीवरून सरळ ५, बाणस्तारीवरून सरळ ६, आणि वळशाने ३.

हे दाखवल्यावर वहीवाला मुलगा लगेच म्हणाला, “सर, मग आखूड वाट आधी घ्यायची, एवढंच ना?” या आकृतीत ते चाललं, हे खरं. म्हणून मी फळ्यावर आणखी चार ठिपके काढले. ओपा–बाणस्तारी नळीवर मधे कुंडईला दोन व्हॉल्व्ह, फर्मागुडी–पणजी नळीवर जुन्या गोव्याला आणखी दोन. क्षमता कुठेच बदलली नाही, नळी फक्त तीन तुकड्यांत मोजली. आता सरळ वाटांचे बाण चार-चार झाले आणि वळशाची वाट तीन बाणांची, म्हणजे तीच सर्वांत आखूड. तिच्यातून ८ सोडा, पुन्हा ११ वर अडका. व्हॉल्व्हने पाण्यात थेंबाचाही फरक पडला नाही, तरी नियमाचं उत्तर बदललं.

एक गोष्ट मात्र मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगायला हवी. उलटा बाण न वापरता कमाल उत्तरापर्यंत नेणारा वाटांचा एखादा क्रम प्रत्येक आकृतीत असतोच. आपण वर ५, ६, ३ केलं तसा. अडचण अशी की तो क्रम कोणता हे उत्तर हातात आल्यावरच सांगता येतं. परीक्षेतल्या बऱ्याच आकृत्या इतक्या लहान असतात की नजरेनेच बरी वाट सापडते, आणि मग मुलांना वाटतं नियम चालला.

आता उलट्या बाणाकडे येऊ, कारण गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. ११ वर अडकलेल्या अवस्थेचा रेसिड्युअल ग्राफ काढू. प्रत्येक नळीला दोन आकडे लागतात. सुलट बाणावर अजून किती भरता येईल ते, म्हणजे क्षमता वजा चालू प्रवाह. उलट बाणावर आत्ता जेवढं वाहतंय तेवढंच.

ओपा–फर्मागुडी : सुलट ०, उलट १०
ओपा–बाणस्तारी : सुलट ५, उलट १
फर्मागुडी–बाणस्तारी : सुलट ०, उलट ८
फर्मागुडी–पणजी : सुलट ३, उलट २
बाणस्तारी–पणजी : सुलट ०, उलट ९

शून्याचे बाण पुसून टाका आणि ओपाहून निघा. फर्मागुडीला सरळ जाता येत नाही, बाणस्तारीला जाता येतं, ५ पर्यंत. बाणस्तारीहून पणजीची नळी भरलेली आहे, पण फर्मागुडीकडे जाणारा ८ चा उलटा बाण आहे. फर्मागुडीहून पणजीला ३ ची जागा आहे. वाट सापडली: ओपा, बाणस्तारी, फर्मागुडी, पणजी. ५, ८ आणि ३ यांत लहान ३. ११ चे १४ झाले.

यात बाणस्तारीहून फर्मागुडीला एक थेंबही गेला नाही. झालं ते असं. बाणस्तारीला ओपाहून थेट ३ जास्त मिळाले. तिची पुढची नळी भरलेली असल्याने तिने फर्मागुडीला कळवलं, आता तू मला ८ देऊ नकोस, ५ च दे. फर्मागुडीकडे ३ वाचले. तिची पणजीची नळी ३ ने रिकामी होती, ते तिने तिकडून सोडले. उलटा बाण म्हणजे आधी घेतलेला निर्णय तेवढ्यापुरता मागे घ्यायची मुभा. म्हणूनच त्याचा आकडा चालू प्रवाहाइतकाच असतो. जे दिलंच नाही ते परत कसं घेणार?

मुलं नेमकी इथे घसरतात. एक चूक म्हणजे उलट्या बाणावर नळीची क्षमता लिहिणं. आपल्या आकृतीत फर्मागुडी–बाणस्तारीत क्षमता आणि प्रवाह दोन्ही ८ असल्याने ही चूक लपून राहते, ओपा–बाणस्तारीवर मात्र १ च्या जागी ६ आलेले दिसले की पकडता येते. दुसरी चूक जास्त घातक: उलट्या बाणावरून वाट गेली तरी प्रवाहात ३ मिळवणं. ८ अधिक ३ म्हणजे ११, आणि नळी ८ ची. इथे ती लगेच दिसते, पण नळी रुंद असती तर दिसली नसती. म्हणून प्रत्येक फेरीनंतर टाकीचा हिशेब तपासायची सवय मी लावतो. आपल्या शेवटच्या अवस्थेत फर्मागुडीत येतात १०, जातात ५ बाणस्तारीला आणि ५ पणजीला. बाणस्तारीत येतात ओपाहून ४ आणि फर्मागुडीहून ५, जातात ९. जमलं.

उरला प्रश्न वाट संपण्याचा, आणि तो मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ११ वर थांबताना सुलट बाणांनी ओपाहून कुठवर पोचता येत होतं? फक्त बाणस्तारीपर्यंत. म्हणजे ओपा आणि बाणस्तारी एका बाजूला, फर्मागुडी आणि पणजी दुसऱ्या बाजूला, असा आकृतीचा छेद पडला. अलीकडून पलीकडे जाणाऱ्या नळ्या दोन, ओपा–फर्मागुडी १० आणि बाणस्तारी–पणजी ९. दोन्ही काठोकाठ भरलेल्या, बेरीज १९. तरी पणजीला पोचले ११ च. बाकीचे ८ फर्मागुडीहून बाणस्तारीला, म्हणजे पलीकडून अलीकडे परत येत होते. नळ्या भरल्या होत्या, पण त्यातलं आठ टँकर पाणी सीमा ओलांडून परत येत होतं आणि पुन्हा मोजलं जात होतं. सुलट बाण संपणं म्हणून काहीच सिद्ध करत नाही.

रेसिड्युअल ग्राफमध्ये वाट संपते तेव्हा ही पळवाट बंद झालेली असते. पलीकडून अलीकडे थोडंही पाणी येत असतं, तर त्याचा उलटा बाण अलीकडून पलीकडे गेला असता आणि आपण पुढे पोचलो असतो. १४ वर तपासा: ओपाहून बाणस्तारीला अजून २ ची जागा आहे, तिथून उलट्या बाणाने फर्मागुडीला जाता येतं, पण पणजीला कुठूनच नाही. छेद पणजीच्या दारात पडला, ५ अधिक ९ बरोबर १४. प्रवाह १४, छेदाची क्षमता १४. यापेक्षा जास्त पाणी कोणत्याही युक्तीने नेता येणार नाही. फोर्ड आणि फुल्करसन यांनी १९५६ साली मांडलेलं प्रमेय हेच: कमाल प्रवाह आणि किमान छेद नेहमी सारखे.

रुंद किंवा आखूड वाट निवडण्याच्या नियमांना किंमत नाही असं मात्र समजू नये. एडमंड्स आणि कार्प यांच्या १९७२ च्या लेखात दोन्हींचा विचार आहे, पण वाट शोधायची ती रेसिड्युअल ग्राफमध्येच. तिथे क्षमता पूर्णांक असतील तर कुठलीही वाट घ्या, शेवटी उत्तर तेच येतं. फरक पडतो कष्टात. आपल्या आकृतीत चार बाहेरच्या नळ्या हजार-हजारच्या आणि मधली १ ची केली, तर हट्टाने मधल्या नळीतून आलटून-पालटून सुलट-उलट जाणाऱ्याला दोन हजार फेऱ्या लागतील. आखूड वाटा घेणारा दोन फेऱ्यांत मोकळा होतो.

वहीवाल्याने शेवटी विचारलं, अकरा काय आणि चौदा काय, पेपरातला एक मार्क गेला. मी म्हटलं, समजा, पणजीचं पाणी वाढवायला एकच नळी बदलायचे पैसे आहेत. ११ वर थांबलेल्याला ओपा–फर्मागुडी भरलेली दिसते, आणि ती सुरुवातीचीच असल्याने तो तीच खणायला घेईल. तिची क्षमता १० ची १५ केली तरी पणजीला १४ च मिळतील, कारण छेद तिच्यावरून जातच नाही. बाणस्तारी–पणजी ९ ची ११ केली तर १६ मिळतील. त्याहून रुंद करून उपयोग नाही. तेव्हा छेद ओपाच्या दारात येतो, १० अधिक ६.