‘आवाज येतोय’ एवढंच सांगा

गॅरेजच्या दारात गाडी लावा, काच अर्धी खाली करा आणि म्हणा, "पुढून मधूनमधून आवाज येतोय, जरा बघा." किल्ली हातात द्या, रिक्षा पकडा आणि ऑफिस गाठा. याहून एक शब्द जास्त बोलू नका. पैसे आपण मोजणार, आवाज शोधणं त्याचं काम. सगळं आपणच सांगितलं तर त्याला शोधायला उरलं काय?

या विषयातला माझा अधिकार साडेआठ हजार रुपयांचा आहे. माझ्या हॅचबॅकच्या पुढून, डाव्या अंगाने, मधूनच ‘खट खट’ व्हायचं. रोज नाही, प्रत्येक रस्त्यावर नाही. वर सांगितलेल्या रीतीने मी गाडी एका गॅरेजात टाकली. काउंटरवरच्या मुलाने जॉब कार्डावर लिहिलं, ‘पुढून आवाज, चेक करणे’. संध्याकाळी फोन आला, "साहेब, ट्रायल मारली, आवाज काही आला नाही. पण गाडी पंचाहत्तर हजार चाललीय, शॉकअप जुने झालेत. बदलून टाकू?"

आता त्या बिचाऱ्याने तरी काय करायचं? पुढून वाजू शकणाऱ्या वस्तू काय थोड्या आहेत? शॉकअप, त्याचं वरचं माउंटिंग, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, ब्रेक पॅड, एक्सलचा जॉइंट. त्याने त्यातली सगळ्यात म्हातारी दिसणारी धरली. मी हो म्हणालो. दोन्ही बाजूंचे नवे शॉकअप बसले, गाडी छान मऊ चालायला लागली, आणि त्या मऊपणात खट खट पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू यायला लागली.

असं यश तुम्हालाही हवं असेल तर एक पथ्य कडक पाळा: आवाज नेमका कुठल्या रस्त्यावर येतो हे मेकॅनिकला कळू देऊ नका. माझ्याकडे ही माहिती होती. स्पीडब्रेकर सरळ घेतला, दोन्ही चाकं एकदम चढवली-उतरवली, की गाडी गप्प. पण आमच्या सोसायटीच्या गेटसमोर पेव्हर ब्लॉक उखडलेत. तिथून पंधरा-वीसच्या स्पीडने जाताना एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर असं झालं, की हमखास खट खट. चार महिने मला हे ठाऊक होतं. मी ते कोणालाही सांगितलं नाही. मला कोणी विचारलंही नाही, आणि न विचारता बोलणं आपल्या स्वभावात नाही.

सांगितलं असतं तर काय झालं असतं बघा. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक आडवा पोलादी बार असतो, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून तो असतो. त्याची दोन टोकं दोन वीतभर दांड्यांनी दोन्हीकडच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. त्या दांड्या म्हणजे लिंक रॉड. दोन्ही चाकं एकदम वर गेली की बार नुसता गोल फिरतो, लिंकवर फारसा जोर येत नाही. एकच चाक वर गेलं की बार पिळला जातो, लिंक ओढली-ढकलली जाते, आणि तिच्या टोकाचा छोटा बॉल जॉइंट झिजलेला असेल तर तो खटकन वाजतो. म्हणजे ‘एका चाकाच्या खड्ड्यात येतो, सरळ स्पीडब्रेकरवर येत नाही’ एवढं एक वाक्य कानावर पडलं असतं, तर मेकॅनिकने शॉकअपला पाना लावायच्या आधी लिंक रॉड आणि बारचे बुश हलवून पाहिले असते.

बरं, ही लिंक सहजी सापडतही नाही. एका बाजूला जॅक लावून एकच चाक उचललं, की बार पिळलेल्या स्थितीत अडकतो, लिंक ताणून बसते आणि हाताला गच्च लागते. ढिलेपणा असूनही दिसत नाही. गाडी चारही चाकांवर उभी ठेवून पिटमध्ये उतरावं लागतं, किंवा लिफ्टवर घेऊन दोन्ही चाकं सारखी लोंबत ठेवावी लागतात. इतका खटाटोप माणूस तेव्हाच करतो, जेव्हा कुठे बघायचं ते त्याला ठाऊक असतं. आणि ते ठाऊक करून देण्याची चूक आपण करणार नाही.

दुसरं पथ्य भाषेचं. मराठीत आवाजांसाठी जेवढे शब्द आहेत तेवढे सुट्या भागांच्या दुकानात भाग नसतील. गाडी पन्नाससाठच्या पुढे गेली की ‘घूंऽऽ’ वाढत जातं आणि उजव्या वळणावर आणखी चढतं, असं सांगितलंत तर तो लगेच डाव्या चाकाचं बेरिंग तपासणार, कारण उजवीकडे वळताना गाडीचा भार डावीकडे जातो. स्टिअरिंग पूर्ण तोडून रेस दिली की ‘टक टक टक’ होतं म्हणालात, तर तो खाली वाकून एक्सलचं रबर बूट फाटून ग्रीस उडालंय का ते बघणार. खराब रस्त्यावर चाकाजवळ ‘खुळखुळ’ होते आणि ब्रेकवर नुसता पाय टेकवला की बंद होते, हे बोललात तर संपलंच. ढिल्या पॅडकडे थेट बोट दाखवल्यासारखं आहे ते. म्हणून घूं, टक टक, खुळखुळ, किर्र, सगळं गिळा आणि तोंड जरासं वाकडं करून म्हणा, "काहीतरी विचित्र आवाज येतो." या वाक्याचं कुठल्याही भागाशी काही नातं नाही, म्हणूनच ते सगळ्या भागांना लागू पडतं.

(एक सोडून. ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखं होत असेल तर हा लेख मिटा आणि गाडी गॅरेजात न्या. तिथे माझा विनोद थांबतो.)

आवाज गाडीच्या वेगाने बदलतो की इंजिनाच्या, हेही तपासू नका, कारण ते फार सोपं आहे. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस दिली आणि आवाज आला, तर चाकं फिरतच नाहीत, म्हणजे टायर आणि बेरिंग निर्दोष सुटले. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला आधी तिसरा, मग चौथा गिअर टाकून पाहिला आणि आवाज तोच राहिला, तर भानगड चाकांकडची. गिअरबरोबर आवाज बदलला, तर इंजिनाकडची. दोन मिनिटांत अर्धी गाडी संशयातून बाद होते. अशाने मेकॅनिकचे तास वाचतात, आणि ते तास आपल्या बिलात असतात हे विसरू नका. माझ्या एका मित्राने तर ‘टिक टिक’ची गती मोजण्याचा आगाऊपणा केला. दहाच्या स्पीडला सेकंदाला दीडेक टिक, म्हणजे साधारण हॅचबॅकचं चाक जेवढ्या वेळा फिरतं तेवढीच. मग त्याने एकेक टायर बघितला आणि खाचेत अडकलेली खडी स्क्रू-ड्रायव्हरने काढली. खर्च शून्य. अशा माणसांमुळे गॅरेजं बंद पडायची.

आवाज फक्त सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना येत असेल, तर तुम्ही भाग्यवान आहात. गाडी नेहमीप्रमाणे अकरा वाजता, आठ-दहा किलोमीटर चालवून, गरमागरम पोहोचवा. आवाज येणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच न्या. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे बघायची त्याची नजर बदलेल. आदल्या संध्याकाळी गाडी तिथेच ठेवावी आणि "सकाळी पहिला स्टार्ट तुम्हीच मारा" असं सांगावं, हे कोणाला सुचलंच तर दुर्लक्ष करा.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करणार असाल तर स्वतः चालवत, गाणं आणि एसी दोन्ही चालू ठेवून, काच खाली करून करा. शेजारी दुसऱ्याला बसवून, सगळं बंद करून, "आता वीसचा स्पीड, आता डावं चाक खड्ड्यात" असं त्याला बोलत राहायला सांगितलं, तर ते रेकॉर्डिंग ऐकण्यासारखं होईल, आणि मग मेकॅनिक ते ऐकेल.

मागच्या महिन्यात टायर बदलले, पंक्चर काढलं, कुठेतरी खालचं प्लास्टिकचं कव्हर उघडलं, या घरगुती गोष्टी. परक्याला कशाला सांगायच्या? उलट रोगाचं नाव मात्र आवर्जून द्या. "शॉकअप गेलेत, बदला" असं ठणकावलं, की तो बदलतो. आवाज राहिला तर जबाबदारी तुमची, कारण जॉब कार्डावर तुमचेच शब्द असतात.

आणि काहीही झालं तरी मेकॅनिकबरोबर ट्रायलला जाऊ नका. मी शेवटी हाच घोळ केला. आमच्या चौकापलीकडे एक जुनं गॅरेज आहे. तिथल्या उस्तादांना मी म्हटलं, "पुढून आवाज येतोय." त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, असं नाही. कुठे येतो ते दाखवा." किल्ली माझ्याकडेच ठेवून शेजारी बसले. पेव्हर ब्लॉकवर डावं चाक घातलं, खट खट. "आता तो स्पीडब्रेकर सरळ घ्या." शांत. "दोन्ही चाकं सोबत गेली की नाही वाजत, एकेक गेलं की वाजतं. बरोबर?" मी मान डोलावली. जणू हे मला आत्ताच कळत होतं. गाडी पिटवर गेली, ते खाली उतरले, डावी लिंक पकडून हलवली आणि खालूनच मला तो आवाज काढून दाखवला. दोन्ही लिंक रॉड, मजुरी धरून चौदाशे रुपये. चहा होईस्तोवर काम झालं.

पहिल्या गॅरेजने काढलेले जुने शॉकअप मात्र प्रामाणिकपणे परत दिले होते, नव्यांच्या खोक्यात घालून. उस्तादांनी दाबून बघितले. "हे तर चांगले होते की," म्हणाले. फेकवले नाहीत म्हणून मी ते डिकीत ठेवले. कालपासून प्रत्येक वळणावर मागे ‘धडाम्’ होतं. उद्या सकाळी गाडी पहिल्या गॅरेजात टाकतोय. जॉब कार्डावर काय लिहायचं ते फोनवरच सांगून ठेवलंय: ‘मागून आवाज, चेक करणे’.